कंपनीचा कारखाना कुठला आणि कॉर्पोरेट ऑफिस कुठलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी बरीच वर्षं काम करतो. नवा पुरवठादार आला की त्याचे पत्ते तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ओळखीचे लोक सारखे विचारतात, "यादीत दोन पत्ते दिसतायत, गाडी कुठे पाठवू?" माल उचलणारे विचारतात, नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलं विचारतात आणि शेजारच्या कारखान्याच्या धुराने वैतागलेले लोकही विचारतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत.

१. रजिस्टर्ड ऑफिस, कॉर्पोरेट ऑफिस आणि कारखाना हे तीन वेगळे पत्ते असतात का? मला वाटायचं रजिस्टर्ड ऑफिस म्हणजेच हेड ऑफिस.

तिन्ही वेगळे असू शकतात. महिंद्रा अँड महिंद्रा हे सरळ उदाहरण आहे. रजिस्टर्ड ऑफिस मुंबईत अपोलो बंदरला गेटवे बिल्डिंगमध्ये, कॉर्पोरेट ऑफिस वरळीला महिंद्रा टॉवर्समध्ये आणि गाड्या-ट्रॅक्टर बनतात ते कारखाने चाकण, नाशिक, कांदिवली अशा ठिकाणी.

रजिस्टर्ड ऑफिस ही कायद्याची गोष्ट आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार प्रत्येक कंपनीला असा एक पत्ता ठेवावाच लागतो आणि सरकारी कागदपत्रं, नोटिसा तिथे स्वीकारल्या जातात. तिथे कंपनीचं कामकाज चालतंच असं नाही. छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत हा पत्ता संचालकाच्या राहत्या फ्लॅटचा असतो, कधी सीएच्या ऑफिसचा.

कॉर्पोरेट ऑफिस हा व्यवहारातला शब्द आहे. साहेब लोक, अकाउंट्स, मार्केटिंग जिथे बसतात ती जागा. काही कंपन्या तिलाच हेड ऑफिस म्हणतात, काही ॲडमिन ऑफिस.

कारखाना म्हणजे जिथे माल तयार होतो आणि जिथून गेट पासवर बाहेर पडतो. कागदावर यालाच कुणी वर्क्स लिहितं, कुणी प्लांट, कुणी युनिट, कुणी फॅक्टरी. "Works" असं छापलेलं दिसलं तर तो कारखानाच समजा. जुन्या इंजिनिअरिंग कंपन्यांच्या लेटरहेडवर हा शब्द अजून हमखास असतो.

२. पण मग नकाशावर आणि डिरेक्टरीत हे पत्ते मिसळतात कसे?

बहुतेक वेळा कुणी मुद्दाम केलेलं नसतं. डिरेक्टरीवाले कंपन्यांची सार्वजनिक सरकारी नोंद उचलतात. तिच्यात रजिस्टर्ड पत्ता असतो, म्हणून तोच यादीत येतो. कंपनी पंप बनवते म्हणून तिच्यावर "उत्पादक" असा शिक्का बसतो. वाचणाऱ्याला दिसतं "पंप उत्पादक, नरिमन पॉइंट" आणि तो समजतो की पंप नरिमन पॉइंटला बनतात.

दुसरं कारण फोन नंबर. कंपनीचा नंबर सगळीकडे एकच, सेल्स ऑफिसचा. कारखान्याच्या नोंदीवरही तोच टाकलेला असतो, आणि एकाच नंबराच्या दोन नोंदी दिसल्या की त्या एकत्र करून टाकल्या जातात. मग नाव कारखान्याचं, पत्ता ऑफिसचा आणि फोटो तिसऱ्याच ठिकाणचे, अशी नोंद तयार होते. म्हणून एखाद्या नोंदीतले फोटो गेटचे आहेत की रिसेप्शनचे, ते आधी पाहावं. पत्ता आणि फोटो जुळत नसतील तर त्या नोंदीवर विसंबू नये.

३. पत्ता नुसता वाचून अंदाज येतो का?

येतो, आणि बऱ्यापैकी येतो. मजला लिहिलेला असेल, पुढे हाऊस, टॉवर, चेंबर्स, बिझनेस पार्क असं काही असेल तर ऑफिस. प्लॉट नंबर, गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, गावाचं नाव, तालुका आणि "अमुक रोड, अमुक किलोमीटर" असं असेल तर कारखाना. चाकण पट्ट्यात जे कारखाने वसाहतीच्या बाहेर खासगी जमिनीवर आहेत त्यांचे पत्ते गट नंबरचेच असतात.

पिन कोड मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण पत्ता कापून-छाटून लिहिला तरी पिन शिल्लक राहतो. ४०००२१ म्हणजे नरिमन पॉइंट, ४०००५१ म्हणजे वांद्रे पूर्व आणि बीकेसी. तिथे लेथ मशीन चालत नाही. ४१०५०१ चाकणचा, ४०१५०६ बोईसर-तारापूरचा, ४३११३६ वाळूज एमआयडीसीचा. पण मुंबईचा पिन दिसला की ऑफिसच, असा नियम करू नका. वर सांगितलेला कांदिवलीचा कारखाना मुंबई शहरातच आहे.

एक फसवा शब्द "मिल". लोअर परळच्या पत्त्यांत मिल कंपाउंड असं अजून लिहितात. गिरण्या कधीच्या बंद झाल्या. कमला मिलच्या आवारात आज ऑफिसं आणि हॉटेलं आहेत, कापड विणलं जात नाही.

४. पत्त्यात एमआयडीसी आहे. मग तर कारखानाच ना?

नाही, आणि इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीचंच आहे. अंधेरीला मरोळ एमआयडीसीत आता बहुतेक ऑफिसं आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि नवी मुंबईत महापे, रबाळे, ऐरोलीच्या टीटीसी पट्ट्यात कारखाना आणि काचेची आयटी इमारत शेजारी शेजारी उभी असते, दोघांच्याही पत्त्यात प्लॉट नंबर आणि टीटीसी इंडस्ट्रियल एरिया.

म्हणून वसाहतीचं नाव पाहण्याआधी गाळा आणि मजला पाहा. "पहिला मजला, गाळा नं. अमुक" असेल तर तिथे असेम्ब्ली, पॅकिंग किंवा नुसतं सेल्स ऑफिस असण्याची शक्यता जास्त. फाउंड्री, फोर्जिंग, केमिकल रिअॅक्टर, मोठा प्रेस पहिल्या मजल्यावर बसत नाही. कंपनी काय बनवते आणि ते त्या जागेत मावेल का, हा प्रश्न स्वतःला विचारला की अर्धी शंका फिटते.

५. जीएसटी नंबरावरून कारखाना ओळखता येतो का?

राज्य नक्की कळतं. नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे असतात. 27 महाराष्ट्र, 24 गुजरात, 30 गोवा, 29 कर्नाटक, 26 दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते. त्यामुळे मुंबईत ऑफिस आणि सिल्वासाला कारखाना असलेल्या कंपनीकडे 27 आणि 26 असे दोन नंबर असतात. पुढची दहा अक्षरं पॅनची, ती दोन्हीकडे तीच. दोन नंबरांतली पॅनची अक्षरं जुळली नाहीत तर त्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, नाव कितीही सारखं असो.

जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये नंबर टाकला की `Principal Place of Business` आणि `Nature of Business Activities` दिसतं. दुसऱ्या रकान्यात "Factory / Manufacturing" आहे की फक्त "Office / Sale Office" आणि "Warehouse / Depot", ते वाचा.

आता मर्यादा. ऑफिस आणि कारखाना एकाच राज्यात असतील, समजा बाणेरला ऑफिस आणि रांजणगावला कारखाना, तर सहसा दोघांचा नंबर एकच असतो. मुख्य जागा म्हणून कंपनीने बाणेर लिहिलेलं असू शकतं आणि रांजणगाव "अतिरिक्त जागा" म्हणून. तेव्हा "मुख्य जागा" म्हणजे कारखाना असं समजू नका. तो रकाना कंपनीने सोयीने भरलेला असतो. आणि "Factory / Manufacturing" हे शब्द सगळ्या नोंदणीला लागू असतात, समोर दिसणाऱ्या एकाच पत्त्याला नव्हे.

प्रत्यक्ष जागेवर गेलात तर एक तपासणी सोपी आहे. नियमानुसार जीएसटी नंबर प्रत्येक जागेच्या प्रवेशावरच्या पाटीवर लावायचा असतो आणि नोंदणीचं प्रमाणपत्र आत दिसेल असं ठेवायचं असतं. त्या प्रमाणपत्राच्या जोडपत्रात अतिरिक्त जागांची पूर्ण यादी असते. पुरवठादाराकडे मी पहिल्यांदा तेच जोडपत्र मागतो. बरेच जण फक्त पहिलं पान पाठवतात, म्हणून "सगळी पानं पाठवा" असं लिहून मागावं.

६. आणि कंपनीच्या सीआयएनवरून?

सीआयएनवरून कारखाना कळत नाही. तो कंपनीच्या नोंदणीचा २१ अक्षरांचा क्रमांक, रजिस्टर्ड ऑफिसच्या मागे जातो. महिंद्रा अँड महिंद्राचा पाहा:

```
L65990MH1945PLC004558
```

MH म्हणजे महाराष्ट्रातली नोंद, १९४५ हे स्थापनेचं साल. मधले पाच अंक उद्योगाचे म्हणतात, पण इथे ६५ पासून सुरू होणारा आकडा आहे आणि तो वित्तीय सेवांचा गट. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात! एकदा लागलेला आकडा बऱ्याचदा तसाच राहतो. त्यामुळे त्यावरून "ही कंपनी काही बनवत नाही" असा निष्कर्ष काढू नका. पुण्याच्या निबंधकाकडे नोंदलेल्या कंपन्यांत MH च्या जागी PN दिसतं, तो टायपाचा दोष नाही.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीत मात्र लोकांच्या नजरेतून सुटणारा एक रकाना आहे. रजिस्टर्ड पत्त्याच्या खाली, हिशेबाच्या वह्या दुसरीकडे ठेवल्या असतील तर त्या जागेचा पत्ता. तिथे बहुधा खरं कॉर्पोरेट ऑफिस सापडतं, कधी कारखानाही.

७. टेम्पो पाठवण्याआधी नेमकं काय काय पाहायचं? एखादं घडलेलं उदाहरण द्या.

आमच्याकडचंच देतो, कंपनीचं नाव सोडून. स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह हवे होते. डिरेक्टरीत "उत्पादक" म्हणून कंपनी सापडली, पत्ता मरोळ एमआयडीसी, अंधेरी पूर्व, पहिला मजला. माल तयार झाल्याचा निरोप आला. मी ड्रायव्हरला यादीतला पत्ता दिला आणि टेम्पो भोसरीहून अंधेरीला गेला. तिथे दोन टेबलं आणि काचेच्या कपाटात नमुन्याचे व्हॉल्व्ह. माल वापीला तयार होऊन पडला होता. ड्रायव्हर रात्री रिकाम्या गाडीने परतला. भाडं आमच्या अंगावर पडलं आणि आमची लाइन एक दिवस उशिरा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर उत्तर आधीपासून तिथेच होतं, चार ठिकाणी. कोटेशनच्या तळाला दोन जीएसटी नंबर होते, एक 27 चा आणि एक 24 चा. पॅनची अक्षरं दोन्हीत सारखी. म्हणजे कंपनी एकच आणि गुजरातेत तिचं काहीतरी आहे. अटींमध्ये "किंमत एक्स-वर्क्स" लिहिलं होतं. एक्स-वर्क्स म्हणजे कारखान्याच्या दारातली किंमत, तिथून पुढचं भाडं आपलं. त्याच शब्दापुढे बारीक अक्षरात वापी होतं.

तिसरी खूण सर्वांत पक्की होती आणि ती मी बघायलाच हवी होती. प्रोफॉर्मा बिलावर १८ टक्के आयजीएसटी लावला होता. पुरवठादार अंधेरीहून बिल करून भोसरीला माल देत असता तर कर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ असा दोन भागांत लागला असता, कारण दोन्ही ठिकाणं महाराष्ट्रातली. आयजीएसटी लागला म्हणजे बिल दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीतून निघत होतं. चौथी खूण आधीच्या नमुन्याच्या पार्सलवर होती. पाठवणाऱ्याचा पिन ३९६१९५, वापीचा.

तेव्हापासून मी गाडी लावण्याआधी एवढंच करतो. कोटेशनवरचे सगळे जीएसटी नंबर वाचतो, कर एक आहे की दोन भागांत ते पाहतो, "एक्स-वर्क्स"पुढचं गाव पाहतो आणि डिस्पॅचला फोन करून (प्रश्न १२) ई-वे बिलात "कुठून निघणार" या ठिकाणी कुठला पिन टाकणार ते विचारतो. ई-वे बिल लागणार नसेल इतका थोडा माल असला, तरी चलनावरचा पत्ता विचारून घेतो.

आयजीएसटीच्या खुणेलाही अपवाद आहे. पुरवठादार आणि घेणारा एकाच राज्यातले असून पुरवठादार किंवा घेणारा एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात असेल, तरी आयजीएसटीच लागतो. अंधेरीच्या सीप्झशी व्यवहार असेल तर ही खूण बाजूला ठेवा.

८. मोठ्या कंपनीचे सगळे कारखाने एकाच ठिकाणी लिहिलेले कुठे मिळतात?

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवालात. सेबीच्या नियमांनुसार कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या अहवालात भागधारकांसाठी जी सर्वसाधारण माहिती असते, तिच्यात "Plant Locations" आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगवेगळे द्यावे लागतात. बाजारमूल्याने पहिल्या एक हजारांत असलेल्या कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवालही द्यावा लागतो. त्याच्या सुरुवातीलाच रजिस्टर्ड पत्ता आणि कॉर्पोरेट पत्ता असे दोन स्वतंत्र रकाने असतात आणि पुढे देशात किती प्लांट, किती ऑफिसं ते आकड्यात. अहवालाची पीडीएफ उघडून "plant" हा शब्द शोधा, पाच मिनिटांत काम होतं. अहवाल ताजा घ्या, कारण कारखाने विकले जातात आणि बंदही होतात.

कंपनी शेअर बाजारात नसली तरी तिचा कारखाना प्रदूषणाच्या कक्षेत येत असेल, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र जागेनुसार दिलेलं असतं. ते ऑफिसच्या पत्त्यावर मिळत नाही. त्यात प्लॉट नंबर, गाव, तालुका आणि काय किती बनवायचं तेही लिहिलेलं असतं. माझ्या मते कारखान्याचा पत्ता सिद्ध करणारा याहून चांगला कागद क्वचितच सापडेल.

९. प्रोप्रायटरी फर्म आहे. सीआयएन नाही, अहवाल नाही. मग?

उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. त्यावर "Official Address" वेगळा आणि युनिटचे पत्ते वेगळे असतात. UDYAM ने सुरू होणारा क्रमांक उद्यमच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. फक्त लक्षात ठेवा, ही माहिती उद्योजकाने स्वतः जाहीर केलेली असते, कुणी जागेवर जाऊन पाहिलेली नसते. घरचा पत्ताच दोन्हीकडे लिहिलेला दिसला तर वीजबिल मागा. औद्योगिक दराच्या वीजजोडणीचं बिल ज्या पत्त्यावर येतं, मशीन तिथे चालतं.

१०. पाकिटावर तीन-तीन पत्ते असतात. माल नक्की कुठे बनला?

आधी शब्द वाचा. "Marketed by" हा विकणाऱ्याचा पत्ता, बहुधा ऑफिस. "Manufactured by" हा बनवणाऱ्याचा, आणि तो पुष्कळदा वेगळ्याच कंपनीचा असतो, कारण माल कंत्राटावर बनवून घेतलेला असतो. अशा वेळी "या ब्रँडचा कारखाना कुठे" या प्रश्नाला एक उत्तर नसतं.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर कधी बनवणाऱ्यांचीच यादी असते, अ, ब, क अशी, आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की बॅच नंबरचं पहिलं अक्षर पाहा. बॅच "बी"ने सुरू होत असेल तर "बी"पुढचा पत्ता हा तुमच्या हातातल्या पाकिटाचा कारखाना. एफएसएसएआयचा १४ अंकी परवानाही प्रत्येक जागेचा वेगळा असतो. म्हणून दोन पत्त्यांपुढे दोन क्रमांक दिसतात.

औषधांचं सर्वांत स्पष्ट असतं. ज्या जागेत औषध बनलं त्या जागेचा पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक लेबलवर छापणं नियमाने बंधनकारक आहे. सिप्लाचं रजिस्टर्ड ऑफिस लोअर परळला आहे आणि कारखाने गोव्यात वेर्णा, दौंडजवळ कुरकुंभ, रायगडमध्ये पाताळगंगा अशा ठिकाणी. पट्टीच्या मागे "Mfg. Lic. No." च्या जवळचा पत्ता वाचा, तो ऑफिसचा नसणार.

११. आयएसआय मार्क असलेल्या मालाचं काय?

इथे काम सोपं आहे. भारतीय मानक ब्युरोचा परवाना कंपनीला सरसकट मिळत नाही, एका ठरावीक कारखान्याच्या जागेला मिळतो. दुसऱ्या कारखान्यात तीच वस्तू बनवायची तर दुसरा परवाना. मार्कच्या खाली `CM/L` ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो `BIS Care` ॲपमध्ये टाकला की परवानाधारकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. केबल, सिमेंट, हेल्मेट, प्रेशर कुकर घेणाऱ्यांनी डिरेक्टरी बाजूला ठेवून थेट हेच पाहावं.

१२. फोन केला तर ऑफिसवाले "हो, फॅक्टरी इथेच आहे" म्हणतात. खरं कसं काढायचं?

"फॅक्टरी कुठे आहे?" असं विचारूच नका. समोरच्याला तो विक्रीचा प्रश्न वाटतो आणि तो विक्रीचं उत्तर देतो. त्याऐवजी डिस्पॅच किंवा स्टोअरला फोन जोडायला सांगा आणि ड्रायव्हरसारखे प्रश्न विचारा. गाडी किती फुटी चालेल? गेट एन्ट्री किती वाजेपर्यंत? जवळचा वजनकाटा कुठला? लोडिंगला क्रेन आहे की माणसं? कारखान्यातला माणूस ही उत्तरं न थांबता देतो. ऑफिसमधला म्हणतो, "विचारून सांगतो." एवढ्यावर कळतं तुम्ही कुठे बोलताय.

१३. नकाशावरच्या वेळांवरून काही कळतं का?

आमच्याकडे तरी कळतं. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, विजेच्या नियोजनामुळे पडलेली जुनी पद्धत. नोंदीत "गुरुवार बंद, रविवार चालू" असेल तर ती कारखान्याची नोंद आहे, ज्याने भरली त्याला माहीत होतं. "सोमवार ते शुक्रवार, साडेनऊ ते सहा" ही ऑफिसची वेळ. इतर वसाहतींत सुट्टीचा वार वेगळा असतो, तो तिथल्या माणसाला विचारा.

१४. कारखाना आणि ऑफिस एकाच पत्त्यावर असेल तर? आणि बंद पडलेला कारखाना अजून यादीत असेल तर?

दोन्हींचं उत्तर आकुर्डीत मिळतं. बजाज ऑटोचं रजिस्टर्ड ऑफिस मुंबई-पुणे रस्त्यावर आकुर्डीला आहे, पिन ४११०३५. एकेकाळी स्कूटर तिथेच बनायच्या, म्हणून जुन्या याद्यांत तो कारखान्याचा पत्ता. २००७ मध्ये तिथलं वाहनांचं उत्पादन थांबलं, काम चाकण आणि वाळूजला चालू राहिलं. आकुर्डीचा पत्ता ऑफिसचा उरला. पुढे २०२२ मध्ये त्याच आवारात चेतकच्या विजेवरच्या स्कूटरचा कारखाना सुरू झाला, पण तो चेतक टेक्नॉलॉजी या उपकंपनीचा. म्हणजे पत्ता तोच, आणि "इथे कारखाना आहे का?" याचं उत्तर १९९५ ला हो, २०१५ ला नाही आणि २०२३ ला हो, पण नाव दुसरं. अशा ठिकाणी तारीख न पाहता कुठलाही कागद उपयोगाचा नाही.

उलटी गोष्ट किर्लोस्करवाडीची. १९१० पासूनचं कारखान्याचं गाव, सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात, रेल्वे स्टेशनही त्याच नावाचं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं किर्लोस्कर ब्रदर्सचं मुख्य ऑफिसही तिथेच. ते पुण्यात बाणेरला आहे. पंप पाहायला वाडीला जा, कॉर्पोरेट कामाला बाणेरला.

१५. मुलाखतीच्या पत्रात एक पत्ता आणि कंपनीच्या नोंदीत दुसरा. पत्र खोटं आहे का?

तेवढ्यावरून नाही. कारखान्यातल्या जागांच्या मुलाखती शहरातल्या ऑफिसात होतात आणि उलटही. पण पत्रात नोकरीचं ठिकाण वेगळं लिहिलेलं असायला हवं. कंपनीच्या लेटरहेडवर नाव, रजिस्टर्ड पत्ता आणि सीआयएन छापणं बंधनकारक आहे. तो सीआयएन कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदीशी जुळवा. पत्ता तिसराच असेल आणि वर पैसे मागत असतील, तर जाऊ नका. रोजंदारी, आयटीआय ट्रेनी अशा जागांसाठी निघण्याआधी कारखान्याच्या सिक्युरिटी केबिनला फोन करा. आज मुलाखती आहेत का, हे गेटवरच्या माणसाला नक्की माहीत असतं, कारण आत सोडायच्या नावांची यादी त्याच्याकडे असते.

१६. कायदेशीर नोटीस कुठल्या पत्त्यावर? आणि धुराची, सांडपाण्याची तक्रार?

नोटीस रजिस्टर्ड ऑफिसला, स्पीड पोस्टाने. कंपनी कायद्यात कंपनीवर कागद बजावायचा पत्ता तोच धरला आहे. कारखान्यालाही प्रत पाठवायला हरकत नाही, पण फक्त कारखान्याला पाठवून थांबू नका. पाठवण्याच्या दिवशीच मंत्रालयाची नोंद पाहा, कारण कंपनीने पत्ता बदलला तर तो कळवायला ३० दिवस असतात आणि डिरेक्टऱ्यांत जुना पत्ता वर्षानुवर्षं राहतो.

प्रदूषणाची तक्रार याच्या बरोबर उलट. ती कारखान्याच्या जागेवरून ठरते. तारापूरच्या कारखान्याची तक्रार मुंबईच्या ऑफिसचा पत्ता लिहून केली तर ती आधी चुकीच्या टेबलावर जाते आणि पुन्हा फिरून येण्यात आठवडे जातात. वसाहतीचं नाव आणि प्लॉट नंबर लिहा. प्लॉट नंबर माहीत नसेल तर गेटवरच्या पाटीचा फोटो जोडा.

१७. यादीतला चुकीचा पत्ता मी दुरुस्त करू शकतो का?

नकाशावर "बदल सुचवा" असं असतं, तिथे करता येतो. पण पत्ता पुसून दुसरा टाकू नका. ऑफिसची नोंद ऑफिस म्हणून राहू द्या, नावापुढे "कॉर्पोरेट ऑफिस" सुचवा आणि कारखान्याची वेगळी नोंद गेटच्या फोटोसह करा. पिन गेटवर टोचा, प्लॉटच्या मध्यभागी नको. मोठ्या प्लॉटला मागचं गेट दुसऱ्या रस्त्यावर असतं आणि मध्यभागी टोचलेल्या पिनमुळे ट्रक त्या बंद गेटापाशी जाऊन उभे राहतात. मालाचं गेट आणि कामगारांचं गेट वेगळं असेल तर कुठलं टोचलंय तेही नावात लिहा.